फेरीचा खर्च आणि पेटीचा खर्च

साबणाची पेटी कारखान्यातून बाहेर पडते, तेव्हा तिच्यावर किती खर्च झाला याचा हिशेब कारखानदाराने बारकाईने मांडलेला असतो. पुढे ती पेटी वितरकाच्या गोदामात येते, टेंपोत चढते, घाट ओलांडते आणि एखाद्या खेड्यातील दुकानाच्या फळीवर जाऊन बसते. प्रवासाच्या या उत्तरार्धाचा हिशेब मात्र इतक्या बारकाईने ठेवला जात नाही. वितरकाच्या खतावणीत डिझेलचे एक खाते असते, पगाराचे एक, गोदामभाड्याचे एक. या सर्वांची बेरीज वर्षाअखेरीस नफ्यातून वजा होते. परंतु कोणत्या पेटीने आणि कोणत्या वाटेने हा पैसा खाल्ला, याचे उत्तर त्या बेरजेत नसते.

या खर्चाचे दोन भाग पडतात. गिऱ्हाईक मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी जो खर्च होतो तो विक्रीचा. त्यात विक्रेत्याचा पगार, मागणी नोंदविणे, उधारी आणि बुडीत येणी ही येतात. मागणी मिळाल्यानंतर माल पोचविण्यासाठी जो होतो तो वितरणाचा. त्यात गोदाम, हमाली, वाहन आणि चालक. दोन्ही मिळून विक्री-वितरणाचा वरकड खर्च होतो. हा खर्च विकल्या गेलेल्या मालावरच बसवावयाचा असतो. गोदामात पडून असलेल्या पेटीची किंमत ठरविताना तो तिच्यात मिळविला, तर न झालेल्या विक्रीचा खर्च शिलकी मालात लपून राहतो आणि नफा फुगलेला दिसतो.

हा खर्च बसविण्याची रीत एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी एक वितरक आहे असे धरू. त्याच्याजवळ एक टेंपो, एक चालक, एक मदतनीस, एक विक्रेता आणि हिशेबाला एक वयोवृद्ध दिवाणजी. महिन्याला सहा हजार पेट्या खपतात. कर वगळता प्रत्येक पेटीमागे खरेदी आणि विक्री यांत ४२ रुपयांचे अंतर राहते. विक्री व वितरण यांचा एकूण खर्च महिना १,८०,००० रुपये. त्याला सहा हजारांनी भागले की पेटीमागे ३० रुपये येतात. म्हणजे प्रत्येक पेटीवर १२ रुपये आणि महिन्याला ७२,००० रुपये नफा.

पेटीमागे ३० हा दर निरुपयोगी नाही. वर्षारंभी अंदाजाने तो ठरविला, तर नव्या मालाला किती अंतर मागावे हे सांगता येते. मात्र तो अंदाज आहे, याचे भान हवे. पावसाळ्यातील एखाद्या महिन्यात ४,८०० पेट्याच खपल्या, तर या दराने १,४४,००० रुपयेच वसूल झाल्यासारखे होतात. भाडे आणि पगार काही पावसाबरोबर उतरत नाहीत. त्या महिन्याचा खर्च १,७०,००० झाला असेल, तर २६,००० रुपये कोणत्याच पेटीवर न बसता उरतात. अशी तूट दोनतीन महिने एकाच दिशेने दिसू लागली, की मूळ अंदाजच चुकला असे समजावे आणि दर नव्याने ठरवावा.

परंतु या दराचा मोठा दोष निराळाच आहे. गोदामाशेजारच्या पेठेत उतरलेली पेटी आणि डोंगरातील वाडीत पोचलेली पेटी या दोघींना तो एकाच मोलाने तोलतो. आपल्या वितरकाच्या तीन वाटा आहेत. पहिली सातारा शहराची. दुसरी महामार्गाने उंब्रज-कऱ्हाडकडे जाणारी. तिसरी मेढा, केळघर करीत जावळीच्या डोंगरातून फिरणारी. टेंपो महिन्यात २६ दिवस चालतो. त्यांतील दहा दिवस शहराला आणि आठ-आठ दिवस उरलेल्या दोन वाटांना जातात. शहरात ३,६०० पेट्या खपतात, महामार्गावर १,५०० आणि डोंगरात ९००.

वाटेचा खर्च काढावयाचा, तर प्रत्येक खर्च कशामुळे वाढतो हे प्रथम विचारावे लागते. डिझेल, टायर आणि दुरुस्ती ही अंतराने वाढतात. त्यांचे ३६,००० रुपये महिन्याच्या ३,००० किलोमीटरांवर वाटले, की किलोमीटरला १२ रुपये पडतात. चालक व मदतनीस यांचे पगार, टेंपोचा विमा आणि घसारा यांचा संबंध दिवसांशी आहे. ५२,००० रुपये २६ दिवसांवर वाटले, की दिवसाला २,०००. विक्रेता आणि कारकुनी काम यांचे ५०,००० रुपये बिलांच्या संख्येवर वाटावेत. कारण तीन पेट्यांच्या बिलाला तीस पेट्यांच्या बिलाइतकेच श्रम पडतात. महिन्याला १,००० बिले होतात, म्हणून बिलामागे ५०. गोदाम आणि हमाली यांचे ३०,००० रुपये पेट्यांवर वाटले, की पेटीला ५. उरलेले १२,००० रुपये उधारीवरील व्याजाचे व बुडीत येण्यांचे. ते वाटण्याची गरज नाही. कोणत्या वाटेवरील दुकानांकडे किती येणे आहे हे खतावणीच सांगते.

आता डोंगरवाटेचा हिशेब मांडता येतो. आठ फेऱ्यांत आडफाट्यांसह १,४०० किलोमीटर होतात, त्यांचे १६,८००. आठ दिवसांचे १६,०००. फेरीला तीस दुकाने, म्हणजे महिन्याला २४० बिले, त्यांचे १२,०००. नऊशे पेट्यांचे ४,५०० आणि उधारीचे ५,०००. एकूण ५४,३०० रुपये, म्हणजे पेटीमागे साठ रुपयांच्या वर. त्या पेटीमागे मिळतात ४२. महिन्याला १६,५०० रुपयांचा तोटा.

याच रीतीने शहराचा खर्च ७२,२०० येतो, पेटीमागे सुमारे २०. तेथील नफा ७९,०००. महामार्गाचा खर्च ५३,५००, पेटीमागे ३६ च्या आत, नफा ९,५००. तिन्ही वाटांचे खर्च मिळवले की बरोबर १,८०,००० होतात. ही बेरीज खतावणीशी जुळली पाहिजे. न जुळली, तर एखादा खर्च दोनदा धरला गेला आहे किंवा कोणत्याच वाटेवर धरलेला नाही.

हे आकडे समोर येताच वितरकाचा निर्णय जणू ठरून जातो. "दिवाणजी, पुढल्या महिन्यापासून डोंगराची फेरी बंद. साडेसोळा हजार वाचतील."

दिवाणजी चष्मा पुसून म्हणतात, "मालक, फेरी बंद केली म्हणजे चालकाचा पगार द्यावयाचा नाही का? विम्याचा हप्ता कमी होईल का? गोदामाचा मालक भाडे सोडील का?"

या प्रश्नात साऱ्या हिशेबाचे मर्म आहे. वाटेवर बसविलेला खर्च आणि वाट बंद केल्यावर टळणारा खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डोंगरफेरी थांबली, तर डिझेल-टायरचे १६,८०० वाचतील, उधारीचे ५,००० कालांतराने वाचतील, आणि हमालीपैकी पेटीमागे दोन रुपये रोजंदारीचे असल्यामुळे ते १,८०० वाचतील. एकूण २३,६००. पगार, विमा, घसारा आणि भाडे जेथल्या तेथे राहतील. उलट नऊशे पेट्यांवर मिळणारे ३७,८०० रुपये मात्र जातील. म्हणजे नफा साडेसोळा हजारांनी वाढण्याऐवजी १४,२०० रुपयांनी घटेल. ७२,००० चे ५७,८०० होतील. मोकळ्या झालेल्या आठ दिवसांत टेंपोने दुसरीकडे १४,२०० रुपयांहून अधिक कमावले, तरच फेरी बंद करणे शहाणपणाचे ठरेल. आणि जावळीतील त्या तीस दुकानदारांना साबणाच्या पेटीसाठी एस.टी.च्या टपावर भरवसा ठेवावा लागेल, ते निराळेच.

मग वाटेचा खर्च काढून मिळविले काय? तोटा कोठे आहे हे त्याने दाखविले; आता तो कशामुळे आहे हे पाहावयाचे. टेंपो आठवड्यातून दोनदा त्याच तीस दुकानांकडे जातो. फेरीला ११२-११३ पेट्या, दुकानामागे चारसुद्धा नाहीत. शहरात एका बिलावर साडेसात पेट्या उतरतात. डोंगराचा चढ खर्चाला कारण आहेच. पण अर्धा रिकामा टेंपो हे त्याहून मोठे कारण आहे.

आठवड्यातून एकच फेरी केली आणि दुकानदारांनी दुप्पट माल घेतला, तर अंतर ७०० किलोमीटरांवर येते, दिवस चार आणि बिले १२०. कागदावर या वाटेचा खर्च ३१,९०० होतो आणि तोट्याच्या जागी ५,९०० रुपये नफा दिसू लागतो. येथेही फसू नये. वाचलेल्या चार दिवसांचे ८,००० आणि बिलांचे ६,००० रुपये खिशात आलेले नाहीत. ते केवळ या वाटेवरून उतरले आहेत. खरोखर वाचले ते डिझेल-टायरचे ८,४०० रुपये. बाकीचे दिवस महामार्गावर नवी दुकाने जोडण्यास लावले, तरच त्यांची किंमत येईल.

या उपायालाही मर्यादा आहे. खेड्यातील दुकानदाराचे भांडवल थोडे. आठवड्याचा माल एकदम घेणे त्याला झेपेलच असे नाही. तो उधारी वाढवून मागेल किंवा कमी माल घेईल. पेटीमागील ४२ रुपयांतून दोन रुपयांची हमाली गेली, की ४० राहतात. म्हणून उधारीचा भाग तूर्त बाजूला ठेवला, तर महिन्याला २१० पेट्यांचा खप घटताच ८,४०० रुपयांची सारी बचत संपते. वितरकाने डोळ्यांसमोर ठेवावयाचा आकडा हाच.

हे सर्व हिशेब एका साध्या वहीवर उभे आहेत. टेंपो निघताना आणि परतताना मीटरवरील आकडा, वाटेचे नाव, भेटी दिलेली दुकाने, चढविलेल्या पेट्या आणि परत आलेल्या पेट्या हे चालकाने रोज लिहिले पाहिजे. परत आलेल्या पेट्या कित्येकदा पोचलेल्यांतच मोजल्या जातात आणि ती वाट आहे त्यापेक्षा स्वस्त दिसते. तसेच साबणाबरोबर चिवड्याच्या हलक्या पण मोठ्या पेट्या जाऊ लागल्या, की टेंपो वजनाने भरण्यापूर्वीच जागेने भरतो. तेव्हा सर्व पेट्या सारख्या मानणे सोडून त्या किती जागा अडवितात यावर खर्च वाटावा लागतो.

वितरकाने अखेर फेरी बंद केली नाही. दोन महिने आठवड्याला एक फेरी करून पाहावी असे ठरले. दिवाणजींनी वहीच्या पहिल्या पानावर जावळीचा आजचा खप लिहिला, नऊशे. आणि त्याखाली सहाशे नव्वद. खप या दुसऱ्या आकड्याच्या खाली उतरला, तर टेंपो पुन्हा दोनदा घाट चढणार आहे.