वर्धापनदिनाचं निवेदन लिहिताना

कंपनीचा वर्धापनदिन जवळ आला की चित्रफितीचं निवेदन लिहिणाऱ्याच्या हातात एक कागद ठेवला जातो. डावीकडे साल, उजवीकडे घटना. बरेच जण त्यालाच क्रियापदं जोडतात आणि मागे सनई लावून मोकळे होतात.

किर्लोस्करांचंच उदाहरण घेऊ. कागद असा असेल : १८८८, बेळगावात सायकलचं दुकान. १९०३, लोखंडी नांगर. १९१०, किर्लोस्करवाडी. नोंदी खऱ्या आहेत. पण मधली नोंद गाळून वाचा. ऐकणाऱ्याला काही चुकल्यासारखं वाटणार नाही. एखादं वाक्य काढून कुणाचंच अडत नसेल, तर ती यादीच आहे, हे ओळखावं.

गोष्ट असते ती दोन नोंदींच्या मधल्या जागेत. तिथे जाऊन लिहिलं तर निवेदन साधारण असं होईल :

‘नांगर तयार होता, घेणारा कुणी नव्हता. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असं शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला. माळावर निवडुंग होता, आणि साप होते.’

यात एकही साल नाही. १९१० हा आकडा माळ दिसेल तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात टाकावा. डोळा तो क्षणात वाचतो. ‘एकोणीसशे दहा साली’ म्हणायला मात्र निवेदकाचा अर्धा श्वास जातो, आणि असे तीन आकडे लागोपाठ आले की कानात एकही राहत नाही. ‘दोन वर्षं’ ठेवली, कारण ती तारीख नव्हे, वाट पाहणं आहे.

‘द्रष्टे’, ‘जिद्दी’ ही विशेषणंही मी काढतो. न विकलेला नांगर सांगून झाल्यावर जिद्द वेगळी सांगावी लागत नाही. आवाजातला ओलावा तिथूनच येतो. निवेदकाला ‘जरा भावनेनं वाचा’ म्हणून तो येत नाही. उलट अशी वाक्यं त्याला संथ वाचू द्यावीत. मिनिटाला शंभरेक शब्द पुष्कळ झाले. चार मिनिटांच्या फितीला मी तीनशेच्या वर शब्द लिहीत नाही. यंत्राचा खडखडाट ऐकू यायलाही जागा हवी.

शाखा, पुरस्कार, विभागप्रमुखांची नावं यांची सोय शेवटच्या पट्टीत करता येते. खरी ओढाताण दुसरीकडेच होते. मसुदा व्यवस्थापनाकडे गेला की पहिली लाल रेघ ‘जागाही सोडावी लागली’ या वाक्यावर येते. सणाच्या दिवशी हे कशाला, असं म्हणतात. अशा वेळी मी वाद घालत नाही. ते वाक्य गाळून पुढचं मोठ्यानं वाचून दाखवतो. राजेसाहेबांनी माळ का दिला, हा प्रश्न मग त्यांच्यातलंच कुणीतरी विचारतं.