पाळीची कळ कोणती आणि दुखणं कोणतं

हळद काढणीच्या दिवसांत रानात वाकून काम चालू असतं आणि एखादी बाई मध्येच उठते, बांधावर जाऊन पोट दाबून बसते. बाकीच्या समजून जातात. कोणी काही विचारत नाही, तीही काही सांगत नाही. आज त्या बांधावर बसलेल्या बाईबद्दल बोलायचं आहे. तिची कळ शेकून जाणारी आहे की दवाखान्यात दाखवायची आहे, हे कसं ओळखायचं?

आधी कळ येते का, ते बघू. आपली पिशवी म्हणजे एक स्नायूच आहे, मुठीएवढा. पाळीच्या वेळी आतलं अस्तर सुटतं, तेव्हा शरीर एक द्रव्य तयार करतं. त्याला डॉक्टर प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. त्याच्यामुळे पिशवी आवळते आणि अस्तर बाहेर ढकलते. हे द्रव्य जास्त झालं की पिशवी फार जोरात आवळते, तिचा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी पडतो आणि पोटात गोळा येतो. तेच द्रव्य आतड्यांवरही काम करतं, म्हणून काही जणींना त्या दिवशी मळमळतं, पातळ शौचाला होतं. ही कळ खरी असते. पोरगी नाटक करते, असं कोणी म्हणू नये.

अशी साधी कळ बहुतेक वेळा पाळी सुरू झाल्यावर वर्ष-दोन वर्षांत चालू होते. अंगावर जायच्या काही तास आधी किंवा त्याच्याबरोबरच ती उठते, पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाते. ओटीपोटात मधोमध दुखतं, कंबर आणि मांड्यांपर्यंत उतरतं. दर महिन्याला साधारण असंच होतं. बऱ्याच जणींचं दुखणं वयाबरोबर किंवा बाळंतपणानंतर कमी होतं.

या कळेला शेक चांगला लागू पडतो, आणि हा नुसता आजीचा समज नाही. ओटीपोटावर ठेवायच्या गरम पट्टीची आयब्युप्रोफेन या गोळीशी तुलना झाली आहे, आणि पट्टी गोळीच्या मागे पडली नाही. उष्णतेनं आवळलेला स्नायू सैल पडतो. रबरी पिशवी असेल तर ती दोन तृतीयांशच भरा, उकळतं पाणी घालू नका, तोंड लावायच्या आधी आतली हवा दाबून काढा आणि वरून कापड गुंडाळा. पिशवी नसेल तर जाड सुती कापडात वाटीभर जाडं मीठ किंवा स्वच्छ वाळू बांधून पुरचुंडी करा आणि कोरड्या तव्यावर गरम करा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तिथं सोसलं तर पोटाला सोसेल. पंधरा-वीस मिनिटं शेका, थोडं थांबा, परत शेका. शेक पोटावर ठेवून झोपू नका, कातडी भाजते आणि झोपेत कळत नाही. पाण्याच्या पातळ प्लास्टिक बाटलीत गरम पाणी भरू नका.

त्याबरोबर कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्या, कोमट पाण्यानं अंघोळ करा, जमेल तेवढं हळूहळू चाला. अंघोळ केल्यानं पाळी अडत नाही, उलट आराम पडतो. सुंठीचं गरम पाणी काही जणींना लागू पडतं, ते घ्यायला हरकत नाही.

तरी भागत नसेल तर गोळी घेण्यात कमीपणा नाही. मोठ्या बाईला आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम, काहीतरी खाल्ल्यावर, दोन गोळ्यांमध्ये सहा ते आठ तास सोडून, दिवसात तीनपेक्षा जास्त नाही, आणि दोन-तीन दिवसच. कळ चढण्याआधी, सुरुवातीलाच घेतली तर जास्त उपयोग होतो. पोटात अल्सर, किडनीचा आजार किंवा दमा असेल, किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर ही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. लहान मुलीला किती द्यायची तेही डॉक्टरांनाच विचारा. दुकानात सहज मिळणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळीबद्दल 2023 च्या अखेरीस सरकारी औषध यंत्रणेनं सावध केलं होतं. ती घेतल्यावर अंगावर पुरळ, ताप किंवा गाठी आल्या तर गोळी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता दुसरी बाजू. समजा एक बाई आहे, वय 32, दोन लेकरं. पंचविशीपर्यंत तिची पाळी बिनदुखीची होती. आता दुखणं पाळीच्या चार दिवस आधी चालू होतं, पाळी संपली तरी राहतं, आणि दरवर्षी वाढतं आहे. दोन तासांत कापड भिजतं, गाठी पडतात, दम लागतो. ही मघाची कळ नव्हे. पिशवीत गाठ असेल, पिशवीचं अस्तर भलतीकडे वाढत असेल, किंवा आत जंतुसंसर्ग असेल. संसर्गात बहुतेक वेळा वास येणारं पांढरंही जातं, कधी ताप येतो. पाळीत शौचाला बसताना किंवा नवऱ्याजवळ जाताना आत खोल दुखत असेल, तर तेही सांगायला लाजू नका. डॉक्टरांना त्यावरूनच वाट सापडते.

ही बाई ऊसतोडीला जात असेल तर काय होतं, ते आपण बीडमध्ये पाहिलं आहे. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. मग कोणीतरी सांगतं, पिशवी खराब झाली, काढून टाका, पुढे कॅन्सर होईल. 2019 मध्ये हे गाजलं, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिथल्या पाहणीत 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली.

म्हणून त्या बाईनं आधी विचारावं: सोनोग्राफीत नेमकं काय दिसलं? आतून तपासणी केली का? रक्त किती आहे? संसर्ग असेल तर तो औषधांनी बरा होतो, मात्र बऱ्याचदा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर परत होतो. जास्त अंगावर जाणं गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या तांबीसारख्या साधनानं बहुतेक वेळा आटोक्यात येतं. नुसत्या पांढऱ्या जाण्यासाठी पिशवी काढायची नसते. पिशवी काढायचीच वेळ आली तर अंडाशय काढणार का, तेही विचारा. कमी वयात दोन्ही अंडाशय गेले की पाळी जाण्याचा त्रास लगेच सुरू होतो आणि हाडं ठिसूळ होतात. कागद घेऊन हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्या, घाईत सही करू नका.

दोन गोष्टींत मात्र थांबायचं नाही. पाळी चुकली आहे, मग थोडं डाग दिसतंय आणि एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, तर गर्भ नळीत राहिला असू शकतो. आणि एकाएकी एका बाजूला असह्य कळ उठून उलट्या लागल्या तर अंडाशयाला पीळ पडला असू शकतो. दोन्हीत शेक घेत बसू नका, 108 ला फोन करा.

आणखी एक, घरातल्या मुलींसाठी. पंधरा वर्षांची होऊनही पाळी आली नाही, पण दर महिन्याला ठरावीक दिवशी ओटीपोट दुखतं, अशी मुलगी असेल तर तिला दवाखान्यात न्या. कधीकधी रक्त आत साचतं, बाहेर यायला वाट नसते. छोट्या शस्त्रक्रियेनं ती वाट मोकळी होते. जाताना तीन महिन्यांत कोणत्या दिवशी किती दुखलं, ते कॅलेंडरवर खूण करून सोबत न्या.