बसल्यावर उघडणारा पंखा



भरतनाट्यमच्या पोशाखाची मापं द्यायला मुलगी आली की मी टेप हातात घेण्याआधी तिला म्हणते, "बस बघू." तिची आई लगबगीनं खुर्ची पुढे सरकवते. मग मी हसून सांगते, "खुर्चीत नाही हो ताई, अरैमंडीत." टाचा जुळलेल्या, चवडे बाहेर वळलेले, गुडघे दोन्ही बाजूंना फाकलेले आणि पाठ ताठ, अशी ती अर्धी बैठक. नर्तकीचा निम्म्याहून अधिक वेळ त्याच बैठकीत जातो, आणि पोशाखही बेतायचा तो त्याच बैठकीसाठी.

हे शहाणपण मला फजितीतून आलं. सुरुवातीच्या दिवसांत मी एक पोशाख उभ्या मापावर शिवला होता. कंबर, नितंब, पायाची उंची, सगळं काटेकोर. आरशासमोर मुलगी पुतळ्यासारखी दिसत होती. रंगमंचावर अलारिप्पूत ती पूर्ण बैठकीत गेली आणि मांडीच्या आतली शिवण टर्रकन उसवली. तिसऱ्या रांगेत बसून मला तो आवाज ऐकू आला, की नुसता भास झाला, कोण जाणे. पोरगी धीराची, शेवटपर्यंत नाचली. तिच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी पोशाख माझ्या टेबलावर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण तेव्हा पायजम्यावर साडीच नेसत आणि नेसलेलं कापड अंगाबरोबर सरकतं. बालसरस्वतींनी साडीची ती जुनी रीत सोडली नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल 1935 साली अड्यारला पहिल्यांदा जाहीरपणे नाचल्या, आणि त्यांच्या मागोमाग कापून शिवलेला पोशाख रूढ होत गेला. शिवलेला पोशाख घालायला सोपा आणि दिसायला नेटका, पण शिवण सरकत नाही. ती कुठे सैल ठेवायची, हे शिवणाऱ्यानंच आधी ठरवावं लागतं.

आता समोरचा पंखा. तेरा वर्षांची एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. अरैमंडीत बसवून तिच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत टेप धरला, तो भरला 28 इंच. म्हणजे पंख्याची खालची कड किमान तेवढी उघडायलाच हवी. पण बरोबर 28 इंच कापड घेतलं, तर ती बसल्यावर निऱ्या सपाट होतील आणि पंख्याऐवजी ताणलेला पडदा दिसेल. म्हणून मी दीडपट धरते, 42 इंच. दीड इंचाची एक घडी, अशा 28 घड्या. दोन घड्यांची एक निरी, म्हणजे चौदा निऱ्या झाल्या. वर कमरपट्टीत त्या एकावर एक सरकवून पाच इंचांत बसवायच्या. वर पाच, खाली बेचाळीस. या फरकावरच पंखा उघडतो.

लांबी कमरेपासून गुडघ्याखाली चार बोटं, या मुलीची 25 इंच. कांचीपुरम साडीचा जरीकाठ पंख्याच्या तळाशी येईल असं कापड घ्यायचं. काठ नुसता शोभेचा नसतो. जरीला वजन असतं, आणि मुलगी उठून उभी राहिली की त्या वजनानंच निऱ्या खाली येऊन मिटतात. हलक्या काठाचं नकली रेशीम घेतलं, तर पंखा उघडतो छान, पण मिटताना अर्धवट उघड्या छत्रीसारखा फुगून राहतो. पालकांना खर्च वाचवायचा असतो, ते मला कळतं. पण वाचवायचाच तर दागिन्यांत वाचवा, असं मी सांगते.

निऱ्या घालून झाल्या की त्यांना कच्चे टाके घालते, वर ओलसर मलमल ठेवून उलट्या बाजूनं इस्त्री फिरवते आणि तसंच रात्रभर ठेवते. नितंबांच्या उंचीवर आतून एक अरुंद फीत आडवी टाचते, म्हणजे वरच्या निऱ्या जागच्या जागी राहतात आणि उघडतात त्या फक्त खालच्या. मग पंख्याच्या दोन्ही कडा पायजम्याच्या पायांना आतल्या बाजूनं, मांडीपासून गुडघ्यापर्यंत जोडायच्या. मुलगी बसते तेव्हा तिचे गुडघेच पंखा ओढून उघडतात, दुसरं काही यंत्र त्यात नाही. आणि आसनात तिरप्या धाग्याची चौकोनी कळी घालायची. माझ्या त्या पहिल्या पोशाखात ही कळीच नव्हती.

घालून बघताना मी अरैमंडी करायला सांगते, मग पूर्ण बैठक, मग एक पाय लांब ताणायला. मांडीजवळ आडव्या सुरकुत्या धरल्या, तर कापड तिथे कमी पडतंय. मधली निरी बेंबीच्या रेषेतून एका अंगाला गेली, तर एक कड दुसरीपेक्षा वर जोडली गेलीय. ती उसवायचीच, इस्त्रीनं ते लपत नाही.

कमरपट्टा, म्हणजे तिकडचं ओड्डियाणम, पंख्याची कमरपट्टी आणि पदराचं टोक जिथे मिळतात तो सांधा झाकतो. त्याचं माप सगळे थर अंगावर चढल्यावर, मुलीला खोल श्वास घ्यायला लावून घ्यावं. कपड्याचं ओझं मात्र पट्ट्यावर टाकू नये. पोशाख आपल्या नाड्या-हुकांवर उभा राहिला पाहिजे. पट्टा निघाला तरी काही सुटता कामा नये. रेशमावर धातू घसरतो आणि नाचता नाचता पट्टा बरगड्यांकडे चढतो. म्हणून कमरपट्टीला दोन्ही बाजूंना दोऱ्याचे फासे करायचे आणि पट्टा त्यांतून ओवायचा. आतून मखमल लावली की खड्यांची टोकं रेशमाचे धागे ओढत नाहीत.

राहिली घुंगरं. कथकवाले ती दोरीत ओवून पायाला गुंडाळतात. भरतनाट्यमची घुंगरं चामड्याच्या पट्टीवर ओळींनी शिवलेली असतात, लहान मुलींना तीन ओळी, मोठ्यांना बहुधा पाच. पट्टी विकत घेताना प्रत्येक घुंगरू चिमटीत धरून कानाशी हलवा. चिरलेलं असेल तर ते वाजत नाही, खुळखुळतं. मग पट्टी उलटी करून शिवण बघा. एकाच धाग्यात सगळी ओळ टाचली असेल, तर तो तुटला की घुंगरं रंगमंचभर पळतात, आणि अनवाणी टाच त्यांतल्या एकावर पडली तर काय होतं, ते नाचणाऱ्यांना विचारा. प्रत्येक घुंगराची गाठ स्वतंत्र हवी. घामानं धागा कुजतो, त्यामुळे दर कार्यक्रमाआधी बोटानं एकेक ओढून पाहावं.

आणि पायजम्याची कड घुंगरांच्या वर दोन बोटं थांबवा. ती घुंगरांवर आली की आवाज दबतो, शिवाय जरीचा धागा घुंगराच्या फटीत अडकून पहिल्याच जोरदार पदन्यासाला उसवतो.

कार्यक्रम झाला की पोशाख उलटा करून सावलीत वाऱ्यावर टांगावा. घाम सुकला की निऱ्या हातानं मिटवून सुती फितीनं सैल बांधाव्यात आणि मलमलीत गुंडाळून ठेवाव्यात. एवढं सगळं मी समजावून सांगते, आया मान डोलावतात, आणि सोमवारी सकाळी फोन येतोच: "मावशी, मशीनमध्ये टाकला होता, आता पंखा उघडतच नाही."