अभ्यासाचे पैसे कुणी दिले?
(कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



जनसुनावणीत साहेब जाडजूड अहवाल दाखवतात आणि म्हणतात, "शास्त्रीय अभ्यासात असं आलंय." मग आपण गप्प होतो. तिथं पहिला सवाल विचारायचा, या अभ्यासाचे पैसे कुणी दिले? का विचारायचा, ते अमेरिकेतल्या साखरेच्या गोष्टीवरून सांगतो. तिथं जुनी पत्रं सापडली, म्हणून सगळं पुराव्यानिशी कळलं.

१९६५ साली साखरेमुळे हृदयरोग वाढतो असं काही शास्त्रज्ञ म्हणू लागले होते. तेव्हा साखर कारखानदारांच्या संस्थेने हार्वर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना ६,५०० डॉलर दिले आणि झालेल्या अभ्यासांचा आढावा लिहून घेतला. संस्थेने काही लेख स्वतः पुरवले, कच्चा मसुदाही आधी पाहिला. १९६७ मध्ये तो आढावा मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोष सगळा चरबीवर गेला. साखर संस्थेच्या पैशाचा एक शब्द नाही. क्रिस्टिन कर्न्स या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१६ मध्ये ती पत्रं उजेडात आणली.

यात आकडे खोटे लिहावे लागले नाहीत. साखरेला दोष देणाऱ्या अभ्यासांना बारीक चाळण लावली, चरबीला दोष देणाऱ्यांना मोठ्या भोकांची. त्याच संस्थेने पुढे उंदरांवरच्या एका अभ्यासाला पैसे दिले होते. त्यात साखरेविरुद्ध खुणा दिसू लागल्या, तेव्हा १९७० मध्ये पैसे बंद केले. तो अभ्यास छापलाच गेला नाही. म्हणजे छापलेलं वाचून भागत नाही, काय दाबलं तेही बघावं लागतं.

पण एक ध्यानात ठेवा. पैसे कंपनीचे म्हणून अहवाल आपोआप खोटा ठरत नाही. जास्त संपृक्त चरबी हृदयाला वाईट, हे आजही डॉक्टर सांगतात. पैशामुळे फक्त कळतं, की कुठं जास्त खणून बघायचं. आपल्या बाजूच्या अभ्यासालाही हीच चाळण लावायची.

आता आपल्याकडे या. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल कंपनीच स्वतःच्या खर्चानं सल्लागाराकडून करून घेते. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. म्हणून विचारा, पाहणीला कोणत्या महिन्यात आलात? कोणत्या पाड्यात गेलात? एप्रिल-मे मध्ये फिरले असतील, तर पावसाळी झरे आणि रानभाज्या यादीत येणारच नाहीत. आणि तरी अहवालातला एकही आकडा खोटा नसेल.

हे सवाल इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. सुनावणी संपताना ते लोकांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. ते ऐकल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

जिंदाबाद!