एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले गेले, तर…



आज मी फक्त दुकानातल्या कार्ड मशीनबद्दल बोलणार आहे. ऑनलाइन फसवणूक, यूपीआय, क्रेडिट कार्डाचे व्याज हे विषय पुन्हा कधीतरी. आजचा प्रश्न साधा आहे: आपण डेबिट कार्डाने एकदाच वस्तू घेतली आणि खात्यातून पैसे मात्र दोनदा गेले. आता जायचे कुणाकडे आणि वाट पाहायची किती दिवस?

एक उदाहरण धरून चालू. समजा, ईदच्या आधीच्या गर्दीत १० तारखेला तुम्ही ३,६४० रुपयांचे कपडे घेतले. दुकानदाराने मशीन पुढे केले, तुम्ही पिन टाकला. मशीनवर चक्र फिरत राहिले. दुकानदार म्हणाला, "नेटवर्क नाही, पुन्हा टाका." तुम्ही पुन्हा पिन टाकला, स्लिप निघाली, पिशवी घेऊन तुम्ही बाहेर पडलात. रिक्षात बसल्यावर मोबाइल पाहिला, तर ३,६४० रुपये वजा झाल्याचे दोन एसएमएस.

अशा वेळी बहुतेक जण दुकानदाराशी भांडायला तरी जातात किंवा "बँक करेल काहीतरी" म्हणून गप्प तरी बसतात. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. पहिल्या वेळेचा व्यवहार दुकानदाराच्या मशीनमध्ये पूर्ण झाला होता की नाही? पुढचा सगळा रस्ता याच उत्तरावर ठरतो, आणि हे उत्तर दुकानातच मिळू शकते. मशीनमधून त्या दिवसाच्या सगळ्या व्यवहारांची यादी छापता येते. दुकानदाराला ती काढायला सांगा. यादीत ३,६४० रुपये एकदाच दिसत असतील, तर दुसरी रक्कम त्याच्याकडे पोहोचलेलीच नाही. ती बँकांच्या मधल्या वाटेवर अडकली आहे. दोनदा दिसत असतील, तर दोन्ही व्यवहार त्याच्या नावावर जमा होणार आहेत.

पहिला प्रकार आधी घेऊ, कारण उदाहरणातल्यासारखे नेटवर्क गेले की बहुतेक वेळा हेच झालेले असते. तुमच्या बँकेने पैसे वजा केले, पण तसा निरोप मशीनपर्यंत पोहोचला नाही, म्हणून स्लिप निघाली नाही. यासाठी रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक आहे. त्यात म्हटले आहे की खात्यातून पैसे गेले आणि दुकानात स्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, म्हणजे रविवार आणि सुट्टीही त्यात धरायची. आपल्या उदाहरणात मुदत १५ तारखेला संपते. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने १०० रुपये भरपाई द्यायची आहे, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. पैसे २१ तारखेला आले, तर सहा दिवसांचे ६०० रुपये तुमचे. प्रत्यक्षात ही भरपाई आपण होऊन जमा झाली नाही, तर तक्रारीत या परिपत्रकाचा तारखेसह उल्लेख करा.

या प्रकारात दुकानदाराकडून रोख रक्कम मागून घेऊ नका. त्याला ती मिळालेलीच नाही. त्याने भिडेखातर दिली आणि दोन दिवसांनी बँकेनेही परत केली, तर नुकसान त्या माणसाचे होते.

दुसरा प्रकार म्हणजे दोन स्लिपा निघाल्या आणि दोन्हींवर मंजुरी क्रमांक आहे. इथे वरचे पाच दिवस आणि १०० रुपये लागू होत नाहीत, कारण यंत्रणेच्या दृष्टीने दोन्ही व्यवहार यशस्वी आहेत. इथे पहिला मार्ग दुकानदारच. दिवसअखेर मशीनचा हिशोब बंद होतो. त्याआधी तो जादाचा व्यवहार मशीनवरच रद्द करू शकतो आणि त्याची VOID लिहिलेली वेगळी स्लिप निघते. ती घेतल्याशिवाय दुकान सोडू नका. हिशोब बंद झाला असेल, तर त्याला त्याच कार्डावर रिफंड टाकावा लागतो. "उद्या बघू" हे उत्तर मिळाले, तर निदान दोन व्यवहार झाल्याचे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

दुकानदार दाद देत नसेल, तर बँकेकडे चार्जबॅकची मागणी करायची. यात तुमची बँक कार्ड नेटवर्कमार्फत दुकानदाराच्या बँकेकडे रक्कम परत मागते. दुकानदाराला उत्तर द्यायची संधी मिळते. या दोन वेगळ्या खरेद्या होत्या, असे त्याने दोन बिले दाखवून सिद्ध केले, तर तुमचा दावा पडतो. म्हणून मधल्या काळात बँकेने तात्पुरते पैसे जमा केले, तरी ते लगेच खर्च करू नका; निकाल विरोधात गेला तर ते परत वळते होतात. दुबार आकारणीसाठी व्हिसाच्या नियमांत १२० दिवसांची आणि मास्टरकार्डच्या नियमांत ९० दिवसांची मुदत आहे. पण ही मुदत बँकेने दावा पुढे पाठवण्याची आहे, तुम्ही घरी बसण्याची नाही. बँकेला कागद तपासायलाही वेळ लागतो. दोन-तीन दिवसांतच लेखी कळवा.

आता पुरावे. सर्वांत महत्त्वाचे दुकानाचे बिल, कारण वस्तू एकदाच घेतली हे तेच सांगते. मग कार्डाच्या स्लिपा. त्यावरची शाई उडते, काही महिन्यांत कागद कोरा होतो. त्याच दिवशी फोटो काढा. स्लिपवर RRN असे लिहून पुढे बारा आकडे असतात. बँकेला व्यवहार याच आकड्यांवरून सापडतो. दोन्ही एसएमएस पुसू नका, आणि खात्याच्या उताऱ्यात दोन्ही नोंदी दिसणारे पान काढून ठेवा. तक्रार फोनवर केली तरी तिचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा.

फोन करताना बँकेचा नंबर कार्डाच्या मागून घ्या. इंटरनेटवर शोधलेला "कस्टमर केअर" अनेकदा भामट्यांचा निघतो. पैसे परत मिळवायला ओटीपी, पिन किंवा मोबाइलचा स्क्रीन कुणाला दाखवावा लागत नाही. तसे कुणी मागितले, तर फोन तिथेच ठेवा.

तक्रारीत लांबलचक कैफियत नको. इतके पुरे: "१० तारखेला अमुक दुकानात ३,६४० रुपयांची एकच खरेदी केली. बिल सोबत आहे. खात्यातून ही रक्कम दोनदा वजा झाली. दोन्ही RRN पुढीलप्रमाणे. पहिल्या वेळी स्लिप निघाली नाही." दुसऱ्या प्रकारात शेवटच्या वाक्याऐवजी "दोन्ही स्लिपांचे फोटो जोडले आहेत" असे लिहा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा तिथे मागतात. आपण लिहून ठेवलेला तक्रारीचा क्रमांक आणि तारीख तिथे भरायची आहे.