शब्दांच्या आड दडलेला निवाडा

ता. १४ एप्रिल १९४४ रोजीं धुळ्याहून नंदुरबारकडे सरकारी खजिना घेऊन निघालेली मोटार चिमठाण्याजवळ सशस्त्र तरुणांच्या एका तुकडीनें अडविली. पोलिसांच्या पहाऱ्यांत असलेले सुमारें साडेपांच लाख रुपये त्यांनीं नेले. या तुकडींत साताऱ्याच्या प्रति सरकारांतील जी. डी. लाड व नागनाथ नायकवडी हे होते, आणि खानदेशांतील डॉ. उत्तमराव पाटील हेही या कामांत सामील होते.

एवढी हकीगत कोणत्याही पक्षास मान्य व्हावी. परंतु तिला नांव देतांच वाटा फुटतात. एक म्हणतो, ‘हा दरोडा होय.’ दुसरा म्हणतो, ‘खजिना हस्तगत झाला.’ आपण केवळ घडलेलें सांगत आहों, असें दोघांसही वाटतें.

‘दरोडा’ हा शब्द प्रथम पाहूं. त्या वेळच्या दंडविधानाच्या ३९१ व्या कलमाप्रमाणें पांच किंवा अधिक माणसांनीं मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. पैसा पुढें कोणत्या कामीं खर्चला, हें तें कलम विचारीत नाहीं. पण घरीं बसून हा शब्द ऐकणाऱ्यापुढें स्वतःच्या लोभासाठीं लुटणारी टोळी उभी राहते. कायद्याच्या अर्थानें शब्द आंत येतो आणि लोकांच्या अर्थानें निकाल देऊन जातो. लोभाचा पुरावा मात्र कोणी दिलेला नसतो.

‘हस्तगत’ हा शब्दही निर्दोष नाहीं. त्याच्या सौम्यपणांत पहारेकऱ्यांवर झालेली जबरदस्ती दिसेनाशी होते. जणूं रक्कम आपोआप हातीं आली!

तिसरी युक्ति याहून सूक्ष्म आहे. कोणी म्हणतो, ‘परक्या देशाचा महसूल नेतो, तोच खरा दरोडेखोर.’ येथें शब्दाचा तिटकारा तसाच ठेवून त्याचा अर्थ तेवढा बदलला जातो. चार्ल्स स्टीव्हन्सन या अमेरिकन तत्त्वज्ञानें १९३८ सालीं अशा व्याख्यांस ‘मन वळविणाऱ्या व्याख्या’ असें नांव दिलें. ‘खरा’, ‘वास्तविक’ हीं विशेषणें त्यांची खूण होत.

यावर एक साधी कसोटी आहे. वादग्रस्त शब्द काढून त्या जागीं कोणीं, काय, कोणाकडून व कसें घेतलें एवढेंच लिहावें. मग युक्तिवाद टिकला, तर तो कारणांवर उभा होता. कोसळला, तर तो शब्दावरच उभा होता.

या कसोटीनें चिमठाण्याचा निकाल लागत नाहीं. लोकांच्या संमतीवांचून चालणाऱ्या राज्याविरुद्ध शस्त्र उचलावें काय, हा प्रश्न उरतोच. पण तो उघड्यावर येतो, आणि त्याचें उत्तर कारणें देऊनच द्यावें लागतें.