पहाटे तीन वाजताची आठ पावलं
(ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, आणि मागे बसलेल्या काका मंडळींनो,

गेल्या पावसाळ्यात माझी मावशी पहाटे तीनला बाथरूमच्या उंबऱ्यावर पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सगळे म्हणाले, “वयच झालं.” ती वॉकर घेऊन चालू लागल्यावर आम्ही दोघींनी ती रात्र पावलापावलानं पुन्हा तपासली.

पहिली गोष्ट, तिनं दिवा लावला नव्हता. बटण दाराजवळ, पलंगापासून आठ पावलांवर. शिवाय दिव्यानं सून आणि नातू जागे होतील ही काळजी. आपण बायका घरच्यांची झोप मोडू नये म्हणून अंधारात चाचपडतो. पण वयाबरोबर डोळ्यांना उजेड जास्त लागतो आणि अंधाराला सरावायला वेळही जास्त लागतो. आता पलंगाशी हाताला येईल असं बटण आहे, आणि वाटेवर जमिनीपासून हातभर उंचीवर छोटा दिवा. उजेड फरशीवर पडतो, झोपलेल्यांच्या डोळ्यांवर नाही.

दुसरी गोष्ट चप्पल. पायात मुलाची जुनी स्लीपर होती, मोठी आणि झिजलेली. तळावरून अंगठा फिरवून पाहा. खाचा लागल्या नाहीत तर ती टाकून द्या. मापाची, टाचेमागे पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल घ्या. नुसते मोजे घालून फरशीवर चालू नका.

तिसरी गोष्ट, घसरताना तिनं टॉवेलचा दांडा धरला आणि तो स्क्रूसकट हातात आला. तो टॉवेलचंच वजन पेलतो. आधाराचा दांडा वेगळा असतो. तो बसवण्याआधी मावशीला कमोडवर बसवलं, उठायला लावलं, आणि तिचा हात जिथे सहज गेला तिथे पेन्सिलीनं खूण केली. स्क्रू टाइलमागच्या विटेत पक्के गेले पाहिजेत. बसवल्यावर आधी घरातल्या धडधाकट माणसानं सगळा भार टाकून ओढून पाहावं. उंबऱ्यावर ठळक रंगाचा पट्टा मारला. आंघोळीला पाटाऐवजी पायांना रबर असलेलं उंच, पक्कं स्टूल ठेवलं. आणि आतून कडी लावायची नाही, असं घरात ठरवलं.

एक मर्यादाही सांगते. उठताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ते दिव्यानं थांबत नाही. मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, मग उठा, आणि सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही असं होतं. मनानं मात्र गोळी बंद करू नका.

दांडा बसवायच्या वेळी भाऊ म्हणाला, “नव्या टाइल्सना भोकं पाडायची?” आयुष्यभर घरात कशालाच ‘हवं’ न म्हटलेली मावशी म्हणाली, “टाइल्स तुझ्या, पण खुबा माझा आहे.”

आज घरी गेल्यावर आपल्या पलंगापासून बाथरूमपर्यंत पावलं मोजा. जिथे पाय अडखळेल, तिथून सुरुवात करा.